गोळी बदलली, ज्यूसचा सल्ला मात्र जुनाच राहिला

बीपीची किंवा हार्टची गोळी चालू आहे ना, मग रोज शहाळं घ्या, संत्र्या-मोसंबीचा ज्यूस घ्या, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. हा सल्ला काही उगाच आलेला नाही. फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड अशा लघवी जास्त करणाऱ्या गोळ्यांनी पाण्याबरोबर पोटॅशियमही निघून जातं, ते फार कमी झालं की अंगात ताकद राहत नाही, पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून पूर्वी डॉक्टरच सांगायचे की पोटॅशियमवाली फळं खा, रस प्या. अडचण अशी की पुढे डॉक्टर गोळी बदलतात किंवा जोडीला दुसरी देतात, आणि जुना सल्ला घरात तसाच चालू राहतो. नवी गोळी नेमकी उलट्या दिशेने काम करणारी असेल तर तोच ज्यूस अंगावर येऊ शकतो.

या उलट्या दिशेच्या गोळ्या म्हणजे एक तर नावाच्या शेवटी 'प्रिल' असणाऱ्या, एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल वगैरे, यांना एसीई इनहिबिटर म्हणतात. दुसरी स्पायरोनोलॅक्टोन, जी बरेच जण अल्डॅक्टोन म्हणून ओळखतात. (टेल्मिसार्टन, लोसार्टन या 'सार्टन'वाल्या गोळ्यांनाही हेच लागू आहे, आणि त्या घेणारे आपल्याकडे खूप आहेत.) स्पायरोनोलॅक्टोनबद्दल गैरसमज जास्त होतो कारण तीसुद्धा लघवीचीच गोळी म्हणून दिली जाते, त्यामुळे घरच्यांना वाटतं हिनेही पोटॅशियम जातंय. ते जात नाही, उलट अंगात साठतं.

का साठतं ते बघा. आपण दिवसभरात जे पोटॅशियम खातो-पितो त्यातलं जवळजवळ 90 टक्के किडनी लघवीतून बाहेर टाकते, आणि किडनीला हा हुकूम देणारं मुख्य हार्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन. 'सोडियम ठेव, पोटॅशियम सोड' असा त्याचा निरोप असतो. एसीई इनहिबिटर हे हार्मोन तयार होणंच कमी करतं आणि स्पायरोनोलॅक्टोन किडनीत ते जिथे चिकटतं ती जागाच अडवून बसतं, म्हणजे दोन्ही गोळ्या एकत्र चालू असतील तर तो निरोप दोन ठिकाणी अडतो. हार्ट फेल्युअरमध्ये हे मुद्दाम केलं जातं कारण त्याचा फायदा प्रचंड आहे, त्यामुळे हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, कृपा करून.

आता ज्यूसचा हिशोब. रक्तात पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 इतकं असतं (लिटरमागे मिलिमोल, लॅबच्या रिपोर्टवर हाच आकडा येतो). शरीरातलं बहुतेक सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, पेशींबाहेरच्या पाण्यात, ज्यात रक्तातलं पाणीही आलं, ते अगदी थोडं. 65 किलोच्या माणसात हे बाहेरचं पाणी धरा 13 लिटर, म्हणजे 4 च्या हिशोबाने सगळं मिळून 52 मिलिमोल झालं. 250 मिलीचा एक मोठा ग्लास संत्र्याचा ज्यूस म्हणजे सुमारे 500 मिलिग्रॅम पोटॅशियम, म्हणजे 13 मिलिमोल. म्हणजे एका ग्लासातलं सगळं बाहेरच्या पाण्यातच राहिलं तर 4 चे थेट 5 होतील! ठणठणीत माणसात असं होत नाही, कारण ज्यूसमधल्या साखरेने इन्सुलिन वाढतं, ते पोटॅशियम पटकन पेशींच्या आत ढकलतं आणि पुढच्या काही तासांत किडनी ते बाहेर काढून टाकते. टोमॅटो ज्यूसमध्ये संत्र्याइतकं किंवा थोडं जास्तच असतं, आणि शहाळ्याचं पाणी नारळागणिक बदलतं तरी साधारण त्याच माळेतलं. सगळं फळ खाण्यात आणि ज्यूसमध्ये फरक आहे तो असा की एक संत्रं खाल्लं तर 200-250 मिलिग्रॅम जातं आणि माणूस बहुधा तिथे थांबतो, ग्लासात मात्र दोन-तीन संत्री असतात आणि तो दोन मिनिटांत संपतो.

समजा एक सत्तरीचे काका आहेत, डायबेटिस जुना, किडनी मंदावली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन 1.6, हार्टसाठी रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही चालू, पोटॅशियम 4.9. रिपोर्टवर नॉर्मलच लिहून येणार. उन्हाळा लागला म्हणून सकाळी संत्र्याचा ज्यूस, दुपारी शहाळं, संध्याकाळी ग्लासभर टोमॅटोचा ज्यूस, त्यात बीपी आहे म्हणून लो सोडियम मीठ. त्या मिठात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराईडच घातलेलं असतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचाच. नुसती पेयं धरली तरी रोजच्या जेवणावर दीड ग्रॅम पोटॅशियम जास्त झालं. काकांची किडनी निम्म्या ताकदीची, हार्मोनचा निरोप अडवलेला, इन्सुलिनचं काम ढिलं, मग रोज थोडं थोडं मागे उरत जातं आणि काही दिवसांत 4.9 चे 5.6, मग 6 होऊ शकतात. त्यात गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाल्लं तर किडनी अजून मागे पडते.

आणि हे कळत नाही, हीच खरी भीती आहे. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कोणाला पाय जड वाटतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, नाडी मंद होते, चक्कर येते, आणि घरी म्हणतात उन्हाने थकवा आलाय, अजून एक शहाळं आणा. ईसीजीत टी नावाची लाट उंच आणि टोकदार दिसायला लागते, पण आकडा 6 च्या वर गेला तरी ईसीजी साधाच दिसतो असंही होतं. म्हणून रक्त तपासणं हाच भरवशाचा मार्ग. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर साधारण आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघतात, पुढेही अधूनमधून. कधीकधी सुई टोचताना मूठ फार आवळली किंवा ट्यूबमध्ये रक्तपेशी फुटल्या तर खोटा वाढलेला आकडा येतो, तेव्हा डॉक्टर परत सॅम्पल मागतात, त्याला कंटाळू नका.

तपासणी सुटली की काय होतं ते कॅनडातल्या ऑन्टारिओत दिसलं. 1999 मध्ये एका मोठ्या अभ्यासात गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू 30 टक्के कमी झाले, त्यात 5 च्या वर पोटॅशियम असलेले पेशंट घेतलेच नव्हते आणि रक्त वारंवार तपासलं जात होतं. मग बाहेर ही गोळी भराभर लिहिली जाऊ लागली, आणि एसीई इनहिबिटर घेणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या वयस्क पेशंटमध्ये पोटॅशियम वाढून ॲडमिट होण्याचं प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होतं ते 2001 मध्ये 11 झालं. गोळी तीच, देखरेख तेवढी राहिली नाही.

मग ज्यूस पूर्ण बंद का? तर नाही. किडनी चांगली, एकच 'प्रिल'ची गोळी, पोटॅशियम 4.2 वगैरे, अशा माणसाने कधीतरी ग्लासभर संत्र्याचा रस घेतला तर काही बिघडत नाही. दोन्ही गोळ्या एकत्र, किंवा क्रिएटिनिन वाढलेलं, किंवा डायबेटिस, किंवा आकडा 5 च्या आसपास, यातलं काही असेल तर रोजचा ज्यूस, शहाळं आणि लो सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तोंडाला चव हवी असेल तर लिंबू पिळलेलं पाणी चालतं, एका लिंबाच्या रसात 50 मिलिग्रॅमच्या आसपासच असतं, फक्त हार्टवाल्यांना दिवसभराच्या पाण्याची मर्यादा दिलेली असते ती पाळून.

सगळ्यात जपायचं ते उलट्या-जुलाबाच्या दिवशी. अंगातलं पाणी कमी होतं, लघवी कमी होते, किडनी एका दिवसात मंदावते, आणि नेमकं तेव्हाच आपण शहाळ्यावर शहाळं पाजतो. त्या दिवशी आधी डॉक्टरांना फोन करून या दोन गोळ्या थांबवायच्या का ते विचारा, बऱ्याचदा ते तात्पुरत्या थांबवतात. प्यायला काय द्यायचं तेही विचारा. ओआरएसच्या 200 मिलीत पोटॅशियम 4 मिलिमोल असतं, शहाळ्याच्या तेवढ्याच पाण्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि जुलाबात जे सोडियम जातं ते शहाळ्यात फारसं नसतंच. लघवी अगदीच कमी झाली, पायातला जोर गेला किंवा नाडी मंद लागली तर घरी न थांबता हॉस्पिटल गाठा आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.