तीस ते तीनशे: कॉलनी मोजण्याच्या नियमामागची गोष्ट

सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजांत मायक्रोबायोलॉजी घेतलेल्या प्रत्येकाच्या जर्नलमध्ये एक प्रॅक्टिकल हमखास असतं: ई. कोलाय या जिवाणूची वाढ-रेषा काढणे आणि दुपटीचा काळ शोधणे. नऊ मिली सलाईनच्या नळ्यांची रांग लावायची, एकीतून दुसरीत एक मिली टाकत जायचं, प्लेटी पसरायच्या, दुसऱ्या दिवशी त्यांवर उगवलेले जिवाणूंचे ठिपके, म्हणजे कॉलन्या, मोजायच्या आणि तीस ते तीनशेच्या मधली प्लेट तेवढी हिशेबात धरायची. तीसच का आणि तीनशेच का, हे सहसा कोणी विचारत नाही. तोंडी परीक्षेत विचारलं तर "पुस्तकात तसंच आहे" हेच उत्तर मिळतं. वास्तविक हा आकडा जिथून आला, तो विषय सांगलीकरांच्या रोजच्या ओळखीचा आहे: दूध.

आधी दूध विरळ केलं ते मोजण्यासाठी नव्हे. १८७८ मध्ये जोसेफ लिस्टर यांना दूध नासवणारा जिवाणू वेगळा काढायचा होता. त्यांनी नासलेलं दूध इतकं विरळ केलं की एका थेंबात सरासरी एकापेक्षाही कमी जिवाणू यावा, आणि असे थेंब उकळून घेतलेल्या दुधाच्या वेगवेगळ्या भांड्यांत सोडले. काही भांडी नासली, काही तशीच राहिली. नासलेल्या भांड्यात जे वाढलं ते बहुधा एकाच जिवाणूपासून वाढलं, हा त्यामागचा तर्क. विरळ करत नेण्याची युक्ती इथे आहे, पण प्लेट नाही.

प्लेट रॉबर्ट कॉख यांची. १८८१ मध्ये त्यांनी पोषक द्रवात जिलेटिन मिसळून तो काचेवर गोठवला. जिवाणू जिथे पडला तिथेच अडकतो आणि वाढून डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो. ठिपका मोजता येतो, म्हणून पाण्यातले जिवाणूही मोजता येऊ लागले. १८९२ मध्ये हॅम्बुर्गला कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा शेजारच्या आल्टोना गावाला वाळूतून गाळलेलं पाणी मिळत होतं आणि तिथे साथीचा जोर फार कमी होता. त्यानंतर कॉख यांनी गाळलेल्या पाण्यासाठी एका मिलीत शंभर कॉलन्यांची मर्यादा सुचवली. कॉलन्यांच्या संख्येवर पाणी पास-नापास ठरू लागलं ते असं.

जिलेटिनची पंचाईत अशी की ते २८ अंशांच्या आसपास वितळू लागतं, आणि काही जिवाणू ते खाऊनही टाकतात. सांगलीच्या एप्रिलमध्ये जिलेटिनची प्लेट टेबलावरच पातळ झाली असती, ३७ अंशांच्या इनक्युबेटरची तर बातच नको. यावरचा उपाय स्वयंपाकघरातून आला. कॉख यांचे सहकारी वाल्टर हेस्से यांच्या पत्नी फॅनी हेस्से जेलीसाठी अगार वापरायच्या. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून त्यांना ते कळलं होतं. आपल्याकडे चायना ग्रास म्हणून पुडिंगात जातं, तेच हे. अगार ८५ अंशांच्या वर वितळतं आणि चाळीसच्या खाली आल्यावर गोठतं, म्हणून ४५ अंशांना ते पातळही असतं आणि जिवाणू मरतील इतकं गरमही नसतं. १८८७ मध्ये रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची उथळ बशी आणली आणि आजच्या प्लेटीचं साहित्य पुरं झालं.

पण प्लेट तयार झाली म्हणून मोजणी भरवशाची होत नाही. एकाच दुधाचे दोन ठिकाणी दोन आकडे येऊ लागले. शहरांना येणाऱ्या दुधाची प्रत याच आकड्यांवर ठरत होती, त्यामुळे भांडण पैशाचं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या कृषी प्रयोग केंद्रात ब्रीड आणि डॉटेरर यांनी १९१६ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला: प्लेटीवर किती कॉलन्या असल्या तर मोजणी समाधानकारक मानावी? त्यांचं उत्तर साधारण असं की तीसच्या खाली नको आणि चारशेच्या वर नको. वरची मर्यादा पुढे तीनशेवर स्थिरावली. काही ठिकाणी पंचवीस ते अडीचशे असा नियम चालतो, आणि त्यासाठी १९८० मध्ये झालेली फेरतपासणीसुद्धा कच्च्या दुधावरचीच होती.

दोन्ही टोकांची कारणं वेगवेगळी आहेत, हे मात्र जर्नलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. वरचं टोक जिवाणूंच्या दाटीमुळे येतं. कॉलन्या एकमेकींना चिकटतात, दोनांची एक दिसते, शेजारणीने अन्न संपवलं म्हणून काही टाचणीच्या टोकाएवढ्याच राहतात आणि नजरेतून सुटतात. दाट प्लेट त्यामुळे नेहमी कमीच आकडा दाखवते.

खालचं टोक निव्वळ गणिताचं आहे. नळीतून उचललेल्या थेंबात किती जिवाणू येतील हे नशिबावर असतं, आणि या नशिबाची चूक साधारणपणे आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते. शंभर कॉलन्या असतील तर दहा इकडे-तिकडे, म्हणजे दहा टक्के. तीस असतील तर साडेपाच, म्हणजे अठरा टक्के. चारच असतील तर दोन, म्हणजे थेट पन्नास टक्के. हे गणित प्रयोगशाळेत पहिल्यांदा नीट लावलं ते डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांनी, १९०७ मध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट मोजताना. कॉलन्यांना ते लावलं रोनाल्ड फिशर, थॉर्नटन आणि मॅकेन्झी यांनी १९२२ मध्ये, इंग्लंडच्या रॉदमस्टेड केंद्रात, मातीतल्या जिवाणूंच्या प्लेटींवर. एकाच नळीच्या चार-पाच प्लेटींमधला फरक वर्गमुळाच्या हिशेबापेक्षा जास्त निघाला तर हाताळणीत दोष आहे, हे अपेक्षितच होतं. त्यांनी पुढचंही दाखवलं: फरक त्याहून फारच कमी निघाला तरी काहीतरी बिघडलेलं असतं. जर्नलमध्ये तीन प्लेटींचे आकडे १२१, १२१ आणि १२२ असे दिसले की आमच्याकडचे जुने सर चष्म्यावरून बघत, "प्लेटी दाखव बरं" म्हणत. त्यांच्या त्या संशयामागे हेच गणित होतं.

वाढ-रेषेचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. ताज्या मांसरसात जिवाणू टाकले की ते लगेच वाढू लागत नाहीत, काही वेळ तसेच बसून राहतात, हे १८९५ च्या सुमारासच लक्षात आलं होतं. १९०९ मध्ये जेनेट लेन-क्लेपन यांनी वेगवेगळ्या तापमानांना ही वाढ तासातासाने प्लेटींवर मोजली आणि थांबा, वेगाची वाढ, स्थिरता आणि घट असे चार टप्पे मांडले. याच बाईंनी पुढे गाईच्या उकळलेल्या दुधावर आणि अंगावरच्या दुधावर वाढलेल्या बाळांच्या वजनांची तुलना केली, आणि स्तनांच्या कर्करोगावरचं त्यांचं काम तर साथरोगशास्त्रात पायाभूत मानतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव क्वचितच सापडतं, हे खटकतं. १९१८ मध्ये बुकॅनन यांनी चाराचे सात टप्पे केले. परीक्षेला चारच पुरतात.

दुपटीचा काळ या चारांपैकी एकाच टप्प्याचा असतो, आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. उदाहरणादाखल एक संच घेऊ. शंभर मिली न्यूट्रिएंट ब्रॉथ, ३७ अंश, दर अर्ध्या तासाला नमुना, प्रत्येक प्लेटीवर ०.१ मिली. सुरुवातीला एकास शंभर नळीच्या प्लेटीवर २०४ कॉलन्या आल्या. प्लेटीवर दहावा हिस्साच गेला आहे, म्हणून २०४ गुणिले शंभर गुणिले दहा, म्हणजे मिलीला २.०४ लाख. पुढचे आकडे याच रीतीने काढले:

३० मिनिटे: २.१२ लाख
६० मिनिटे: ३.७ लाख
९० मिनिटे: ८.१ लाख
१२० मिनिटे: १८.६ लाख
१५० मिनिटे: ४३ लाख
१८० मिनिटे: ९८ लाख

साध्या आलेखकागदावर हे काढलं तर पहिला तास सपाट दिसतो आणि मग रेषा कागदाबाहेर पळते. सेमी-लॉग कागदावर मात्र ९० ते १८० मिनिटांचे चार बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसतात. सरळ रेषा म्हणजे ठरावीक वेळात ठरावीक पट, आणि तोच वेगाच्या वाढीचा टप्पा. ९८ लाखांना ८.१ लाखांनी भागलं की १२.१ येतात. त्याचा लॉग १.०८३, त्याला दोनच्या लॉगने, म्हणजे ०.३०१ ने भागलं की ३.६ दुपटी. नव्वद मिनिटांत ३.६ दुपटी म्हणजे दुपटीचा काळ २५ मिनिटे.

आता हेच कोणी शून्यापासून १८० मिनिटांपर्यंत धरलं तर ९८ भागिले २.०४ म्हणजे ४८ पट, साडेपाचाहून थोड्या अधिक दुपटी, आणि उत्तर येतं ३२ मिनिटे. जिवाणू पहिल्या अर्ध्या तासात जवळजवळ बसूनच होते, तो वेळही त्यांच्या नावावर लावला गेला. गुणाकार-भागाकार बरोबर असूनही सात मिनिटांची चूक होते, म्हणून आधी आलेख काढायचा आणि मग कोणते दोन बिंदू घ्यायचे ते ठरवायचं.

मोजणीतली दुसरी नेहमीची चूक पिपेटची. सगळ्या नळ्यांना एकच पिपेट वापरली तर तिच्या आतल्या भिंतीला चिकटलेला दाट नमुना पुढच्या नळीत धुतला जातो. ही चूक ओळखायला सोपी आहे. लागोपाठच्या दोन नळ्यांच्या प्लेटींमध्ये साधारण दहापट फरक हवा. एकास हजारवर २४० आणि एकास दहा हजारवर ६० दिसल्या, तर जिवाणूंना दोष देऊ नये, पिपेट बदलली नव्हती. उलट फरक दहापटीहून बराच जास्त निघाला तर बहुधा नळी नीट हलवलेली नसते आणि जिवाणू तळाशी बसलेले असतात. सलाईनऐवजी नुसतं डिस्टिल्ड पाणी घेतलं तर काही जिवाणू नळीतच मरतात, आणि नळ्या जितका वेळ उभ्या तितका आकडा घसरतो.

इतक्या खटाटोपाला सोपा पर्याय म्हणजे ब्रॉथचा गढूळपणा मोजणारा कलरीमीटर. १९४० च्या दशकात पॅरिसच्या जाक मोनो यांनी वाढीचं गणित बांधलं ते मुख्यतः ब्रॉथच्या गढूळपणावर, आणि आज बहुतेक ठिकाणी तसंच करतात. मिनिटभरात वाचन येतं. मात्र गढूळपणा जिवंत आणि मेलेले जिवाणू सारखेच मोजतो, आणि मिलीला साधारण एक कोटीच्या खाली ब्रॉथ त्याला स्वच्छच दिसतो. वरच्या उदाहरणात १८० मिनिटांनाही आकडा ९८ लाखच आहे, त्यामुळे थांब्यापासून २५ मिनिटांच्या दुपटीपर्यंत जे काही घडलं ते कलरीमीटरच्या काट्यावर जवळजवळ शून्यच दिसलं असतं.