नेटवर्कच्या करारातली कलमं आली कुठून?

यूट्यूब चॅनल दहा-वीस हजार सबस्क्रायबरच्या पुढे गेलं की मेल यायला लागतात: ‘आमच्या नेटवर्कमध्ये या, कमाई वाढवून देतो.’ सोबत बारा-पंधरा पानांचा करार असतो. त्यातली निम्मी कलमं ज्या काळात जन्मली, तो काळ केव्हाच संपला आहे.

यूट्यूबने 2007 साली जाहिरातीचा पैसा वाटायला सुरुवात केली, पण ‘पार्टनर’ म्हणून निवडलेल्या चॅनलांनाच. स्वतःचा थंबनेल लावायलासुद्धा पार्टनर असावं लागे. मशिनिमा, मेकर स्टुडिओज, फुलस्क्रीन यांसारखी नेटवर्कं म्हणजे आत शिरायचं मागचं दार. चॅनल नेटवर्कच्या खात्याला जोडलं जायचं, यूट्यूब सगळा पैसा नेटवर्कला द्यायचं आणि नेटवर्क आपला वाटा कापून उरलेला पुढे पाठवायचं. प्रवेशाची किंमत म्हणून तेव्हा ते चालून गेलं.

2012 साली यूट्यूबने पार्टनर कार्यक्रम बऱ्याच जणांना खुला केला. मागच्या दाराची गरज संपत आली, पण नेटवर्कं मात्र फुगत गेली. कारण त्यांचा खरा माल होता एकूण व्ह्यूजचा आकडा. तो दाखवूनच गुंतवणूक मिळे. 2014 मध्ये डिस्नेने मेकर 50 कोटी डॉलरला घेतलं, वर कामगिरीवर अवलंबून जादा रक्कम कबूल केली. प्रत्येक लहान चॅनल त्या आकड्यात भर घालत होतं, म्हणून हजारोंनी चॅनलं बांधून घेतली गेली. ती सुटू नयेत म्हणून करार लांबले. 2013 च्या जानेवारीत एका ब्रिटिश गेमरला कळलं, की मशिनिमाशी केलेल्या आपल्या कराराला शेवटची तारीखच नाही. सही करताना त्याने नीट वाचलं नव्हतं. (कोण वाचतं म्हणा!)

2014 च्या सुरुवातीपासून नेटवर्कमधल्या सामान्य चॅनलांचं कॉपीराइट दाव्यांपासूनचं कवचही गेलं. मग 2018 च्या नोव्हेंबरात डेफी मीडिया ही नेटवर्क चालवणारी कंपनी बंद पडली. यूट्यूबने चॅनलांच्या नावावर दिलेला पैसा तिच्या खात्यात अडकला, आणि कंपनी बुडताना त्या खात्यावर पहिला हक्क कर्ज देणाऱ्यांचा होता. गेम थिअरी या चॅनलच्या मॅथ्यू पॅट्रिकने पुढे सांगितलं, की पन्नासेक निर्मात्यांचे मिळून 17 लाख डॉलर गेले. वाटा किती टक्के यावर सगळे घासाघीस करतात, पण पैसा आधी कोणाच्या खात्यात पडतो हे त्याहून महत्त्वाचं, ते तेव्हा उघड झालं.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं पाककृतींचं चॅनल आहे. यूट्यूबचा कट वजा जाता त्यांच्या वाट्याला महिन्याला साधारण 40,000 रुपये यायचे. नेटवर्कचे 30 टक्के गेले की हातात 28,000. म्हणजे वर्षाला 1,44,000 रुपये नेटवर्कला. बदल्यात काय मिळालं? पार्श्वसंगीताचा साठा आणि एका कॉपीराइट दाव्यात मदत. त्यांनी स्वतः बोलून दोन मसालेवाल्यांच्या जाहिराती मिळवल्या, प्रत्येकी 25,000 च्या. करारात ‘चॅनलशी संबंधित सर्व उत्पन्न’ असे शब्द होते, त्यामुळे त्यातूनही साडेसात-साडेसात हजार गेले. सोडायचं ठरवलं तेव्हा कळलं, की मुदत संपण्याच्या 90 दिवस आधी नोटीस द्यायची होती. त्यांना तीन दिवस उशीर झाला होता. करार आपोआप आणखी एक वर्ष लागू.

हक्कांचं कलम तर पैशांपेक्षा निसरडं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 19 सांगतं, की हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण करारात ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं छापलेलं असलं, की ही सोय उपयोगाची राहत नाही. व्हिडिओ दाखवण्याचा परवाना देणं वेगळं आणि मालकी देणं वेगळं, हा फरक त्याच परिच्छेदात शोधावा लागतो.

नेटवर्क कोणालाच नको, असं नाही. ज्याची गाणी किंवा विनोदी तुकडे शेकडो जण उचलून टाकतात, त्याला अशा नकला आपोआप ओळखणारी कंटेंट आयडीची यंत्रणा लागते. ती यूट्यूब सरसकट कोणाला देत नाही, आणि तिथे वाटा देणं परवडतं. पाककृती, शिकवणी, शेती यांसारख्या चॅनलांना असा प्रश्न क्वचित येतो. 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तासांचं दर्शन भरलं, की जाहिरातीचा वाटा मिळायला मध्यस्थ लागत नाही. त्यांना लागलाच, तर ब्रँडशी बोलणारा माणूस लागतो. ते काम टॅलेंट एजन्सीचं.

बाईंनी ते वर्ष काढलं, या वेळी नोटीस 120 दिवस आधी दिली आणि पुढे एका एजन्सीबरोबर करार केला. एजन्सीने आणलेल्या कामावरच 15 टक्के, यूट्यूबच्या पैशाला हात नाही, 30 दिवसांच्या नोटिशीवर सुटका. ब्रँडचा पैसा थेट बाईंच्या खात्यात जमा होतो आणि एजन्सी नंतर त्यांना आपलं बिल पाठवते. या शेवटच्या ओळीसाठी त्यांनी तीन आठवडे सही अडवून धरली होती.