रिपोर्ट नॉर्मल, तरी विसरायला का होतं?

"एफएसएच नॉर्मल आलं, म्हणजे हे विसरणं हार्मोनचं नाही, मनाचंच आहे ना?"

नाही. एफएसएच म्हणजे बीजांडकोशाला चालना देणारं हार्मोन, आणि पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत ते सतत वरखाली होतं. आज नॉर्मल, महिन्याभराने वाढलेलं. म्हणून पंचेचाळिशीनंतर निदान मुख्यतः लक्षणांवरून करतात.

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या वहिनी 46 वर्षांच्या. हिशेब लिहिताना ओळखीचं नाव आठवेना, पहाटे उगाच छाती धडधडायची. त्यांनी तीन महिने कॅलेंडरवर पाळीची तारीख, रात्रीचा घाम, झोप आणि विसरणं टिपलं. पाळी कधी 24 दिवसांनी, कधी 35 दिवसांनी आली होती, आणि घामाने झोप मोडली की दुसऱ्या दिवशी विसरणं वाढायचं. सात दिवस किंवा जास्त असा फरक पुन्हापुन्हा पडणं ही या काळाची ठळक खूण. हरवलेलं नाव थोड्या वेळाने आठवणं, हेही या काळात नेहमीचं.

तरी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासाच. शाकाहारी घरात बी-12 अनेकदा कमी पडतं. वहिनींचं कमी निघालं, म्हणजे कारणं दोन होती. मात्र रोजचा रस्ता चुकू लागला, नेहमीचा स्वयंपाक जमेना किंवा जगणं नकोसं वाटलं, तर टिपणं करत थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.