रेफरन्समधलं डोकं कुठे जातं?

कपडे हुबेहूब, कमरेवर ठेवलेला हात हुबेहूब, ओढणीची घडीसुद्धा तीच, आणि चेहरा मात्र भलत्याच कुणाचा. रेफरन्स म्हणून एखाद्याचा फोटो देऊन एआय जनरेटरकडून चित्रं काढून घेणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. मग माणूस प्रॉम्प्ट बदलतो, रेफरन्सचा जोर वाढवतो, दहा-बारा सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारे आकडे, पालटून पाहतो. मीही कितीतरी संध्याकाळी अशाच घालवल्या आहेत. खरं कारण बऱ्याचदा साध्या भागाकारात असतं. तो चेहरा मॉडेलपर्यंत पोचलेलाच नसतो.

आयपी-अ‍ॅडॉप्टरसारख्या पद्धतीत रेफरन्स फोटो आधी क्लिप नावाच्या एन्कोडरकडे जातो. हा एन्कोडर म्हणजे जनरेटरचा डोळा, आणि त्याला फक्त चौरस दिसतो. त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत हा चौरस २२४ बाय २२४ पिक्सेलचा असतो. उभा किंवा आडवा फोटो आला की आधी त्याची लहान बाजू २२४ वर आणली जाते आणि मग मधला चौरस ठेवून उरलेलं कापून टाकलं जातं. पडद्यावर याची कसलीही सूचना येत नाही.

एक फोटो घेऊन हिशेब करू. एक बाई सरळ उभी आहे. फोटो १०२४ रुंद आणि १५३६ उंच, म्हणजे २:३. डोक्याचा माथा वरून ६० व्या पिक्सेलवर आहे आणि हनुवटी २५० व्या. पावलं १४६० च्या आसपास. फोटो म्हणून चौकट उत्तम, वर-खाली थोडी मोकळी जागा, कुठे काही कापलेलं नाही. आता यातला मधला चौरस काढायचा, तर १५३६ मधून १०२४ वजा केले की ५१२ उरतात. त्यातले निम्मे वरून जातात, निम्मे खालून. वरून २५६ पिक्सेल गेले, आणि हनुवटी होती २५० वर. अख्खं डोकं गेलं. खालून पावलं आणि घोट्यांच्या वरचा थोडा भाग गेला. मॉडेलच्या हाती आलं मानेपासून पोटऱ्यांपर्यंतचं शरीर. चेहऱ्याची जागा त्याने स्वतःच्या मनाने भरली, यात त्याचा दोष नाही.

म्हणून ‘कपडे जुळतात, चेहरा जुळत नाही’ ही या बिघाडाची पहिली खूण. खात्री करायची तर आपला फोटो कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडून मधोमध चौरस कापून पाहावा. जे दिसेल, जवळजवळ तेच मॉडेलला दिसलं आहे.

इथे अनेकजण पहिला उपाय करतात तो फोटो दाबून चौरस करण्याचा. काही कापलं जात नाही हे खरं, पण उंची दीडपट जास्त दाबली जाते आणि चेहरा आडवा पसरतो. कपड्यांचा रंग, नक्षी एवढंच हवं असेल तर चालून जातं. माणूस ओळखू यायला हवा असेल तर मी हा मार्ग घेणार नाही.

दुसरा उपाय बाजूंना जागा वाढवण्याचा. फोटोच्या डाव्या-उजव्या अंगाला २५६-२५६ पिक्सेलची पट्टी जोडली की १५३६ बाय १५३६ चा चौरस तयार होतो आणि काहीच कापलं जात नाही. इमेजमॅजिक या मोफत प्रोग्रॅममध्ये त्याची आज्ञा अशी:

```
magick full.jpg -gravity center -background "#b8b2a8" -extent 1536x1536 square.png
```

इथे दिलेला रंग फोटोतल्या भिंतीशी जुळवून घ्यावा. काळ्या पट्ट्या ठेवल्या तर मॉडेल त्यांनाही दृश्याचाच भाग समजतं आणि तयार चित्रात दाराची चौकट किंवा काळोखे कोपरे उगवू शकतात.

डोकं आता चौकटीत आलं, तरीही चेहरा जुळेल असं नाही, आणि बहुतेकांची वाट इथेच चुकते. १९० पिक्सेलचं डोकं १५३६ च्या चौरसात आहे. तो चौरस २२४ वर आला की डोकं उरतं जेमतेम २८ पिक्सेल उंच. हा एन्कोडर चित्र सलग पाहत नाही, १४ बाय १४ पिक्सेलच्या फरश्या पाडून पाहतो. आडव्या सोळा, उभ्या सोळा. आपल्या डोक्याच्या वाट्याला उंचीत दोन फरश्या आल्या आणि रुंदीत दीडेक. दोन फरश्यांत डोळ्यांची ठेवण, नाकाचा उंचवटा, जिवणी हे सगळं कुठून मावणार? केस काळे आहेत, चेहरा समोर आहे, एवढंच फार तर कळेल.

त्यामुळे पूर्ण देह आणि चेहरा हे दोन्ही हवे असतील तर दोन रेफरन्स द्यावेत, हे माझं ठाम मत आहे. पट्ट्या जोडलेला चौरस देहासाठी, आणि त्याच फोटोतून डोकं-खांद्यांचा वेगळा चौरस चेहऱ्यासाठी:

```
magick full.jpg -crop 500x500+262+0 +repage face.png
```

या ५०० च्या चौरसात तेच डोकं २२४ पैकी ८५ पिक्सेल उंच होतं. दोनाच्या जागी उंचीत सहा फरश्या, रुंदीत चार-साडेचार. माथ्यावरचे ६० पिक्सेल मुद्दाम राखले आहेत. ती मोकळी जागा काढून टाकली तर केसांचा वरचा आकार चौकटीला चिकटतो, आणि तयार चित्रातही डोकं वरच्या कडेला टेकलेलं येऊ लागतं. मूळ फोटोच लहान असेल, डोकं शंभर पिक्सेलचंही नसेल, तर मात्र कापून मोठं करण्यात अर्थ नाही. जो तपशील कॅमेऱ्यानेच टिपला नाही तो चौरस बदलून येत नाही. अशा वेळी जवळून काढलेला दुसरा फोटो शोधावा.

आता तयार होणाऱ्या चित्राकडे येऊ, कारण डोकं तिथेही जातं, आणि तिथलं कारण वेगळं आहे. जुन्या स्टेबल डिफ्यूजन मॉडेलांना शिकवताना फोटो ५१२ च्या चौरसात बसवण्यासाठी कापले जात. उभ्या माणसांचे बिनडोक्याचे फोटो मॉडेलने असंख्य पाहिले आणि माणूस असाही असतो, असं ते शिकलं. २०२३ मध्ये आलेल्या एसडीएक्सएल या त्याच मालिकेतल्या मॉडेलच्या लेखकांनी हे दुखणं नेमकं हेरलं. फोटो वरून आणि डावीकडून किती कापला आहे हे आकडे त्यांनी शिकवतानाच मॉडेलला सांगितले. डिफ्यूझर्स लायब्ररीतून चित्र काढताना `crops_coords_top_left` मध्ये `(0, 0)` दिलं की मॉडेल न कापलेल्या फोटोसारखी मांडणी धरतं.

तरीही उभ्या माणसासाठी १३४४ बाय ७६८ चा आडवा कॅनव्हास निवडला तर ओढाताण होणारच. मॉडेलला माणूस मोठा दाखवायची सवय असते, उंची मिळत नाही, मग कपाळ नाहीतर पावलं चौकटीबाहेर जातात. पूर्ण देहासाठी ८३२ बाय १२१६ घ्यावा. प्रॉम्प्टमध्ये नुसतं ‘पूर्ण उंची’ म्हणण्यापेक्षा पायातल्या चपला आणि डोक्यामागची भिंत अशी दोन्ही टोकं लिहावीत. आडवंच चित्र हवं असेल तर माणूस कमरेपर्यंतच मागावा, किंवा उभं चित्र काढून नंतर बाजू वाढवून घ्याव्यात.

दोन कारणांपैकी आपलं कोणतं हे ओळखायला चार सीड पुरतात. चारही चित्रांत डोकं शाबूत, पण चेहरा दर वेळी नवा असेल, तर रेफरन्स कापला गेला आहे किंवा डोकं दोन फरश्यांत अडकलं आहे. चेहरा ओळखीचा, पण कधी कपाळ कापलं, कधी केस, कधी काहीच नाही, असं असेल तर रेफरन्सला हात लावू नये, कॅनव्हास बदलावा.