क्वाडरोटर ड्रोनमधले अँगल लूप आणि रेट लूप

क्वाडरोटर म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, आणि त्याला हवेत सरळ धरायचं काम फ्लाइट कंट्रोलर एकात एक बसवलेल्या दोन लूपमध्ये करतो. बाहेरचा अँगल लूप (अ‍ॅटिट्यूड लूप) बघतो की ड्रोन किती अंश कलायला हवा आणि प्रत्यक्षात किती कललाय, आणि त्या फरकावरून फक्त एवढंच सांगतो की आता अमुक वेगाने फिर. आतला रेट लूप जायरोवरून फिरण्याचा खरा वेग मोजतो आणि तो सांगितलेल्या वेगाला आणायला मोटरींना कमी-जास्त ताकद देतो. थोडक्यात बाहेरचा मालक, आतला सालदार. सालदाराच्या हातून पहिलं काम उरकायच्या आत मालक दुसरं सांगायला लागला की सगळा घोळ, म्हणून आतला लूप बाहेरच्यापेक्षा बराच चपळ असावाच लागतो.

आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीवर किंवा कपाशीवर फिरणारा 10 लिटर टाकीचा फवारणी ड्रोन घ्या, त्याच्या फ्लाइट कंट्रोलरवर आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर आहे असं धरू. नवीन सेटअपला रोलचे, म्हणजे डाव्या-उजव्या कलण्याचे, आकडे साधारण असे असतात:

```
ATC_ANG_RLL_P  4.5
ATC_RAT_RLL_P  0.135
ATC_RAT_RLL_I  0.135
ATC_RAT_RLL_D  0.0036
```

वाऱ्याच्या झोताने ड्रोन 10 अंश कलला, तर अँगल लूप 10 × 4.5 म्हणजे सेकंदाला 45 अंशांनी परत फिर असं मागतो. जायरो सांगतो की ड्रोन 30 ने फिरतोय, म्हणजे 15 कमी पडले. 15 अंश म्हणजे 0.26 रेडियन, त्याला 0.135 ने गुणलं की 0.035, म्हणजे रोलच्या पूर्ण जोरापैकी साडेतीन टक्के जोर P कडून मोटरींना मिळाला. फार वेगाने फिरायला लागला की D ब्रेक मारतो, आणि टाकी एका अंगाला जड असेल तर ती कायमची ओढ I हळूहळू भरून काढतो, I नसेल तर ड्रोन एका बाजूला थोडा कललेलाच राहतो.

ट्यूनिंग नेहमी आतून बाहेर करायचं. सुरुवात टाकी रिकामी ठेवून, सकाळी वारा पडलेला असताना, मोकळ्या शेतात. का रिकामी? कारण रिकामा ड्रोन हलका, तेवढ्याच जोरात जास्त पटकन फिरतो, म्हणून थरथर आधी तिथेच सुटते.

आधी D. दर वेळी दीडपट करायचा: 0.0036, 0.0054, 0.0081. समजा 0.0081 ला मोटरींतून बारीक घरघर यायला लागली, तर 10 टक्के उतरवून 0.0073, घरघर गेली की आणखी 25 टक्के कमी, म्हणजे 0.0055 वर थांबायचं. मग P तसाच: 0.135, 0.20, 0.30, 0.30 ला थरथरला, 0.27 ला पण थोडा, 0.24 ला शांत, तर 25 टक्के कमी करून 0.18, आणि P बदलला की I पण तेवढाच ठेवायचा. पिचला, म्हणजे पुढे-मागे कलण्याला, हेच सगळं परत. यॉला, म्हणजे जागेवर गोल फिरण्याला, मात्र D बहुतेक शून्य आणि I हा P च्या दहाव्या हिश्शाचा, कारण तिथे ताकद पंख्यांच्या उलट्या पिळातून येते आणि ती मुळातच कमी.

D जरासा वाढवला तरी घरघर येत असेल तर आकडे सोडा आणि घडीचे हात हलवून बघा, बिजागरीत खेळ असेल किंवा पंप फ्रेमला घट्ट टेकून थरथरत असेल तर कितीही ट्यूनिंग करा, D चढणारच नाही.

रेट लूप बसला की मगच अँगलचा P थोडा थोडा वाढवायचा. स्टिक झटक्यात सोडली की ड्रोन सरळ येऊन थांबायला हवा. पलीकडे जाऊन परत आला, दोन-तीन हेलकावे खाल्ले, तर P जास्त झाला. ओळखायची खूण सोपी आहे: बारीक, जलद थरथर आणि मोटरी गरम म्हणजे रेट लूप, मोठा संथ हेलकावा म्हणजे अँगल लूप. खात्री करायची तर लॉगमध्ये `RATE.RDes` वर `RATE.R` ठेवून बघा आणि `ATT.DesRoll` वर `ATT.Roll`. पहिली जोडी जुळत नसताना दुसरीच्या मागे लागणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

शेवटी टाकी भरून उडवा. प्रतिसाद थोडा जड वाटला तर ते ठीक आहे. पण रिकाम्याला शांत असलेला ड्रोन भरल्यावर बारीक थरथरला तर PID ला हात लावायच्या आधी `MOT_THST_EXPO` तपासा, कारण थ्रॉटल वर गेलं की मोटरींची ताकद वाढत्या दराने वाढते आणि ती वाढ हा आकडा सरळ करतो. तो कमी पडला की वरच्या थ्रॉटलला तोच P जास्त जोराचा होतो. आणि अर्ध्या टाकीला संथ डोलत असेल, पूर्ण भरल्यावर नाही, तर ते पाण्याचं हिंदकळणं, त्यावर इलाज टाकीतल्या आडव्या पडद्यांचा, P, I, D चे आकडे कमी करून उपयोग नाही.