एका ओळीची चूक आणि ‘पुन्हा करून पाहा’ या कसोटीचा इतिहास

शोधनिबंधासोबत डेटा दिला आहे का, कोड दिला आहे का, कच्च्या आकड्यांपासून अंतिम तक्त्यापर्यंत काय काय केले हे लिहिले आहे का, असे प्रश्न आज बरीच नियतकालिके लेखकांना विचारतात. या प्रश्नांमागे एक घडलेले प्रकरण आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील कर्करोग-संशोधनाचे हे प्रकरण साधारण २००६ ते २०१५ या काळात उलगडत गेले. डेटा जाहीर असूनही विश्लेषण पुन्हा करता येत नाही, म्हणजे नेमके काय होते, ते इतक्या तपशिलात दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

त्याआधी थोडे मागे जायला हवे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोअ‍ॅरे ही चिप प्रयोगशाळांत रुळली. एका चिपवर प्रोब नावाचे हजारो ठिपके असतात आणि पेशीत कोणते जनुक किती सक्रिय आहे, हे प्रत्येक प्रोब सांगतो. पण चिपमधून थेट उत्तर मिळत नाही, मिळते ते एक चित्र. त्या चित्रावरून प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजायची, पार्श्वभूमीची चमक वजा करायची, वेगवेगळ्या चिपा एकमेकींशी तुलना करण्याजोग्या व्हाव्यात म्हणून त्यांचे नॉर्मलायझेशन करायचे आणि एका जनुकाच्या अनेक ठिपक्यांचा मिळून एक आकडा काढायचा. यातल्या प्रत्येक पायरीला दोन-चार मान्य पद्धती आहेत आणि पद्धत बदलली की पुढचे आकडे बदलतात. म्हणून २००१ मध्ये या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी ‘मायामी’ नावाचा किमान-माहितीचा नियम ठरवला. कच्चा डेटा, प्रक्रिया केलेला डेटा, प्रत्येक नमुना कोणता आणि त्यावर काय प्रक्रिया केली, हे सगळे द्यावे, असे त्यात म्हटले होते. लवकरच मोठ्या नियतकालिकांनी असा डेटा सार्वजनिक भांडारात ठेवणे सक्तीचे केले.

नियम झाला, पण पुढची काही वर्षे तो पाळला जातो का, हे कोणी पद्धतशीर तपासले नव्हते. २००९ मध्ये जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी ते केले. ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये २००५-०६ साली छापून आलेले १८ मायक्रोअ‍ॅरे निबंध त्यांनी निवडले आणि प्रत्येकातला एखादा तक्ता किंवा आकृती जाहीर माहितीवरून पुन्हा तयार करून पाहिली. दोन निबंधांचे विश्लेषण जुळले, सहांचे अंशतः किंवा काही फरकांसह जुळले, दहांचे जुळवताच आले नाही. बहुतेक ठिकाणी डेटाच मिळत नव्हता. जिथे फरक पडला, तिथे मुख्यतः नमुन्यांची माहिती अपुरी होती किंवा प्रक्रियेचे वर्णन अपुरे होते. निष्कर्ष खरे की खोटे, यावर या पाहणीने काहीच म्हटले नाही. दिलेल्या सामग्रीवरून तिथपर्यंत पोहोचता येते का, एवढेच तिने विचारले. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर पहिला विचारताच येत नाही.

आता ड्यूककडे. २००६ मध्ये अनिल पोट्टी, जोसेफ नेव्हिन्स आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. कल्पना आकर्षक होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे कर्कपेशींच्या ६० प्रमाणित सेल लाइनचा, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींचा, एक संच आहे आणि कोणत्या औषधाने कोणती लाइन किती मरते, हे मोजलेले आहे. एखादे औषध घ्यायचे, त्याला सर्वात जास्त आणि सर्वात कमी दाद देणाऱ्या लाइन निवडायच्या आणि त्या दोन गटांत कोणती जनुके वेगळी वागतात ते शोधायचे. मग त्या जनुकांच्या ‘सही’वरून रुग्णाच्या गाठीवर हे औषध चालेल की नाही, ते सांगायचे. सेल लाइनचा डेटा सार्वजनिक होता, औषधांचा डेटाही सार्वजनिक होता. म्हणजे पुन्हा करून पाहायला अडचण नसावी, असे कोणालाही वाटले असते.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनाही तसेच वाटले. ही पद्धत आपल्याकडे वापरता येईल का, असे त्यांनी तिथल्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांना विचारले. पहिली अडचण लगेच आली. प्रत्येक औषधासाठी नेमक्या कोणत्या लाइन निवडल्या आणि कोणता गट ‘दाद देणारा’ मानला, हे निबंधावरून ठरवता येत नव्हते. त्यांनी लेखकांकडून आणखी फायली मिळवल्या, छापलेल्या आकृत्यांशी आपले आकडे ताडून पाहिले आणि मागे मागे जात विश्लेषण नव्याने उभे केले. मग दोन जनुक-याद्या शेजारी ठेवल्यावर हे दिसले:

```
छापलेली        पुन्हा काढलेली
1881_at        1882_g_at
31321_at       31322_at
```

खाली यादीभर तेच. छापलेला प्रत्येक प्रोब खऱ्या प्रोबच्या बरोबर एक ओळ वर होता. कारण त्यांनी शोधून काढले. ड्यूकचे सॉफ्टवेअर दोन फायली घेत असे. पहिलीत आकड्यांचा तक्ता आणि त्याच्या डोक्यावर गट सांगणारी ओळ. दुसरीत प्रोबच्या नावांची यादी, तीही त्याच क्रमाने, पण शीर्षकाच्या ओळीशिवाय. दुसऱ्या फाइलीतही चुकून शीर्षकाची ओळ ठेवली की सगळी नावे एक घर खाली सरकतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येक आकड्याला शेजारच्या प्रोबचे नाव चिकटवते. कोणताही एरर येत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती बऱ्याचदा चुकीची सांगितली जाते. या सरकण्याने भाकितावर थेट परिणाम होत नाही. गणित आकड्यांवर चालते, नावे शेवटी फक्त छापली जातात. बिघडली ती यादी, आणि त्या यादीवर उभा राहिलेला जीवशास्त्रीय अर्थ. याच गटाने २००७ मध्ये सिस्प्लॅटिन या औषधावर वेगळा निबंध छापला होता. त्यातली यादी एक ओळ सरकवली की ४५ पैकी ४१ जनुके जुळत, चार मात्र कशानेच जुळत नसत. आणि त्या निबंधात ज्यांच्यामुळे यादी पटण्यासारखी वाटत होती, ती डीएनए-दुरुस्तीशी संबंधित जनुके याच चारांत होती. त्यातले दोन प्रोब तर प्रयोगात वापरलेल्या चिपवर नव्हतेच, ते दुसऱ्याच चिपवर असतात. दिलेल्या डेटावर दिलेले सॉफ्टवेअर कितीही वेळा चालवले तरी ही नावे बाहेर येणे शक्य नव्हते. तयार निकालाला अर्थ लावणारे वाचन कितीही बारकाईने केले तरी हे कळले नसते. ते यादी पुन्हा काढल्यावरच कळले.

भाकितावर खरा घाव घालणारी चूक लेबलांची होती. सॉफ्टवेअर गटांना ० आणि १ असे आकडे देते. कोणता आकडा ‘दाद देणारा’ आणि कोणता ‘न देणारा’, हे काही औषधांसाठी उलटे झाले होते. तसे झाले की ज्यांना औषध लागू पडणार नाही, नेमक्या त्यांनाच ते देण्याची शिफारस होते. तपासणीच्या डेटात तर काही नमुने दोनदा होते आणि एकच नमुना एका ठिकाणी एका गटात, दुसऱ्या ठिकाणी विरुद्ध गटात होता.

२००७ च्या अखेरीस ‘नेचर मेडिसिन’ने बॅगर्ली, कूम्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्याचे पत्र छापले. लेखकांनी उत्तर दिले, काही दुरुस्त्या केल्या आणि पद्धत टिकते असे सांगितले. दरम्यान या भाकितांवरून रुग्णांचे औषध ठरवणाऱ्या चाचण्या ड्यूकमध्ये सुरू झाल्या होत्या. हे कळल्यावर बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी सगळा तपशील २००९ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स’मध्ये छापला. अशा कामाला त्यांनी ‘फोरेन्सिक बायोइन्फर्मॅटिक्स’ म्हटले. त्यांचे निरीक्षण असे की सर्रास होणाऱ्या चुका अगदी साध्या असतात, ओळ किंवा स्तंभ सरकण्यासारख्या. पण दस्तऐवज अपुरे असल्यामुळे त्या झाकून राहतात. या एका प्रकरणाच्या उलगड्यात सुमारे १५०० तास गेले, असा बॅगर्ली यांचा अंदाज आहे. कोड आणि लेबलांची फाइल सोबत असती तर यातला फार मोठा भाग वाचला असता.

ऑक्टोबर २००९ मध्ये चाचण्या थांबवून ड्यूकने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. याच सुमारास ड्यूकच्या गटाने नवा डेटा जाहीर केला. ह्यूस्टनच्या दोघांनी तोही तपासला. अंडाशयाच्या कर्करोगाच्या ५९ नमुन्यांपैकी ४३ नमुन्यांवर चुकीची नावे होती आणि उरलेल्या १६ मध्ये जनुकांचा क्रमच विस्कटलेला होता, त्यामुळे त्यांची ओळख पटत नव्हती. हा अहवाल त्यांनी ड्यूकला पाठवला, पण तो तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचला नाही. जानेवारी २०१० मध्ये चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारी जागा हीच आहे. दोष दाखवणारे विश्लेषण कोणालाही पुन्हा करून पाहता येईल असे मांडलेले होते, आणि निर्णय मात्र त्याच्याशिवाय झाला.

राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संख्याशास्त्रज्ञ लिसा मॅकशेन यांनीही स्वतंत्रपणे शोध घेतला. फुप्फुसाच्या कर्करोगासाठीचे भाकीत करणारे मॉडेल संस्थेने चालवून पाहिले, तेव्हा त्याच रुग्णाचा त्याच डेटावरचा निकाल दर वेळी वेगळा येऊ शकतो असे दिसले. जे मॉडेल स्वतःशीच जुळत नाही, त्यावर उपचार ठरवता येत नाहीत. जुलै २०१० मध्ये पोट्टी यांनी आपल्या कारकिर्दीविषयी दिलेली माहिती खोटी असल्याची बातमी ‘द कॅन्सर लेटर’ या वृत्तपत्रिकेने छापली. मग गोष्टी भराभर घडल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये चाचण्या कायमच्या बंद झाल्या, पोट्टी यांनी राजीनामा दिला आणि निबंध मागे घेतले जाऊ लागले. ‘नेचर मेडिसिन’मधला निबंध जानेवारी २०११ मध्ये गेला.

याच काळात तपासणीची रीतही आकार घेत होती. २००९ मध्ये ‘बायोस्टॅटिस्टिक्स’ या नियतकालिकाने निबंधांवर तीन अक्षरांचे शिक्के द्यायला सुरुवात केली. डेटा दिला असेल तर `D`, कोड दिला असेल तर `C`, आणि संपादकाने स्वतः कोड चालवून निकाल जुळल्याची खात्री केली असेल तर `R`. पहिले दोन शिक्के फाइल आहे की नाही, एवढेच सांगतात. ड्यूकच्या डेटालाही `D` मिळाला असता. तिसरा शिक्का मिळवायचा तर कोणीतरी बसून ते चालवावे लागते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१२ च्या अहवालात याच दिशेने शिफारशी केल्या. डेटा, नमुन्यांची माहिती आणि कोड उपलब्ध ठेवावा, आणि रुग्णांवर चाचणी सुरू होण्याआधी गणनेची संपूर्ण प्रक्रिया, कच्च्या डेटापासून निकालापर्यंत, पक्की करून कुलूपबंद करावी.

या कसोटीची मर्यादाही याच प्रकरणात दिसते. उलटी लेबले आणि सरकलेल्या ओळी ह्यूस्टनच्या दोघांनी शोधल्या, पण त्या चुकून झाल्या की कोणी मुद्दाम केल्या, हे फाइलीवरून ठरवता येत नव्हते आणि त्यांनी ते ठरवलेही नाही. ते काम अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयाचे होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्या कार्यालयाने पोट्टी यांना गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवले. पोट्टी यांनी तो निष्कर्ष मान्यही केला नाही आणि नाकारलाही नाही. त्यात नोंदलेला एक मुद्दा असा की एका अनुदान-अर्जात डॅसॅटिनिब या औषधाला ३३ पैकी ६ रुग्णांनी दाद दिल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात तेव्हा चारच रुग्ण दाखल झाले होते आणि त्यातल्या एकानेही दाद दिलेली नव्हती.