कफ सिरपमधला ‘कफ’: बाटलीवरच्या यादीची पार्श्वभूमी

‘कफ सिरप’ या शब्दाने मराठी माणसाची थोडी फसगत केली आहे. इंग्रजीतला ‘कफ’ म्हणजे खोकला. आपला कफ म्हणजे छातीत साचलेला चिकट पदार्थ, बेडका. त्यामुळे कफ सिरप म्हटलं की ते कफ बाहेर काढणारं औषध असणार, असं आपण नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बाटल्यांतली काही औषधं कफाला हातही लावत नाहीत. ती मेंदूला सांगतात, ‘खोकू नकोस’. काही औषधं याच्या अगदी उलट, कफ सैल करून खोकला कामी लावायला बघतात. आणि काहींत अफूच्या घराण्यातलं कोडीन असतं. तिन्हींचा रंग सारखा, गोडी सारखी, बाटलीवरची नावंही एकमेकांच्या जवळपासची. फरक कळतो तो फक्त बारीक अक्षरांतल्या घटकांच्या यादीवरून. ही यादी बाटलीवर सुखासुखी आलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात खोकल्याचं हमखास औषध म्हणजे अफू आणि तिच्यापासून काढलेले पदार्थ. 1832 साली पॅरिसमधले रसायनतज्ज्ञ पिएर जाँ रोबिके यांनी अफूतून कोडीन वेगळं केलं. हे नाव आलं ग्रीक ‘कोडिया’वरून, म्हणजे खसखशीचं बोंड. मॉर्फिनपेक्षा सौम्य आणि तोंडावाटे घेता येणारं असल्याने ते खोकल्यावर चटकन रुळलं. 1898 मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने आणखी एक खोकल्याचं औषध बाजारात आणलं आणि त्याला नाव दिलं हेरॉइन. ही आज चेष्टा वाटेल, पण तेव्हा ते डॉक्टरांना गंभीरपणे विकलं जात होतं.

त्या काळच्या तयार औषधांत नेमकं काय आहे, हे विकत घेणाऱ्याला कळायची सोय नव्हती. कृती गुप्त ठेवणं हाच तो धंदा होता. अमेरिकेत 1906 चा अन्न व औषध कायदा आला आणि पहिल्यांदा काही घटक लेबलवर जाहीर करणं भाग पडलं: अल्कोहोल, मॉर्फिन, अफू, कोकेन, हेरॉइन, क्लोरोफॉर्म, गांजाचा अर्क असे मोजके, धोक्याचे ठरवलेले पदार्थ. बाकीचं गुप्त ठेवायला हरकत नव्हती. बाल्टिमोरच्या एका खोकल्याच्या औषधाचं लेबल आजही पाहायला मिळतं. त्यावर अल्कोहोल, गांजा, क्लोरोफॉर्म आणि मॉर्फिन यांची नावं आहेत, आणि पुढे हे सगळं ‘इतर अनेक घटकांशी कौशल्याने मिसळलेलं’ असल्याचं सांगितलं आहे. यादी होती, पण अर्धीच. खोकला या बाटलीने थांबत असेल यात शंका नाही. पिणारा जागा राहत असेल का, हा वेगळा प्रश्न.

पुढची पायरी एका दुर्घटनेनंतर चढली गेली. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात आणताना डायइथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवलं गेलं आणि शंभरहून अधिक माणसं दगावली. त्यातून आलेल्या 1938 च्या कायद्याने औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवणं सक्तीचं केलं आणि सक्रिय घटकांची नावं लेबलवर आणली. मात्र एकाच पदार्थाला देशोदेशी वेगवेगळी नावं होती. तो गुंता सोडवायला जागतिक आरोग्य संघटनेने 1950 मध्ये औषधांना एकच आंतरराष्ट्रीय नाव देण्याचा ठराव केला आणि 1953 मध्ये अशा नावांची पहिली यादी काढली. आज दोन वेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या शेजारी ठेवून आत तेच औषध आहे का, हे आपण ताडू शकतो ते या नावांमुळे.

आता या नावांमागची दोन घराणी. खोकला दाबणाऱ्या घराण्यात कोडीनला पर्याय हवा होता, सवय न लावणारा. तो सापडला डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या रूपात, आणि 1958 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच्या नावातला ‘डेक्स्ट्रो’ म्हणजे उजवा. याच रेणूची डावी आरशातली प्रतिमा, लेव्होमेथॉर्फन, मॉर्फिनसारखा परिणाम करणारा जहाल पदार्थ आहे. उजव्या रूपात मात्र खोकला दाबण्याचा गुण राहतो आणि नेहमीच्या मात्रेत अफूसारखी गुंगी नसते. मात्रा खूप वाढवली तर हेही औषध भ्रम आणि भास घडवतं, म्हणून त्याला निरुपद्रवी समजणं चूक.

कफ सैल करणाऱ्यांचं घराणं याहून जुनं. इपेकॅक, रानकांदा, नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, ही सगळी जास्त मात्रेत ओकारी आणणारी द्रव्यं. थोड्या मात्रेत ती जठराला डिवचतात आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने श्वासनलिकेतला पातळ स्राव वाढतो, अशी त्यामागची कल्पना. आजही एखाद्या सिरपच्या यादीत अमोनियम क्लोराइड दिसतं ते या जुन्या वहिवाटीतून. गायफेनेसिनचं मूळ अमेरिका खंडातल्या ग्वायकम झाडाच्या राळेत आहे. जुन्या लेबलांवर तेच ग्लिसेरिल ग्वायकोलेट म्हणून येतं. आणि ब्रोमहेक्झिन? त्याचा आधार आहे आपल्या अडुळशातलं व्हॅसिसिन. 1963 मध्ये ते बाजारात आलं. शरीरात ब्रोमहेक्झिनचं रूपांतर ज्या पदार्थात होतं, तोच पुढे अँब्रॉक्सॉल या नावाने स्वतंत्र औषध झाला. म्हणजे आजीचा अडुळशाचा काढा आणि अँब्रॉक्सॉलची बाटली यांच्यात नातं आहे, तीन पिढ्यांचं.

यादी वाचायची ती ‘प्रत्येक 5 मिलिमध्ये’ या शब्दांपासून. तीन बाटल्या समोर आहेत असं समजू. पहिलीवर लिहिलं आहे: डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड 10 मिग्रॅ, क्लोरफेनिरामाइन मॅलिएट 2 मिग्रॅ. ‘हायड्रोब्रोमाइड’ आणि ‘मॅलिएट’ ही क्षारांची शेपटं, ती सोडून द्यायची. उरलं खोकला दाबणारं औषध आणि सर्दीवरचं, झोप आणणारं औषध. ही कोरड्या खोकल्याची बाटली. दुसरीवर आहे अँब्रॉक्सॉल 15 मिग्रॅ, गायफेनेसिन 50 मिग्रॅ, टर्ब्युटालिन सल्फेट 1.25 मिग्रॅ. पहिली दोन कफ सैल करायला, तिसरं श्वासनळ्या रुंद करायला. या टर्ब्युटालिनने हात थरथरू शकतात, छाती धडधडू शकते. लोक त्याचं खापर ‘औषध कडक आहे’ यावर फोडतात, पण तो त्या तिसऱ्या नावाचा परिणाम असतो. तिसरीवर गायफेनेसिन 100 मिग्रॅ, कोडीन फॉस्फेट 10 मिग्रॅ. बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘एक्स्पेक्टोरंट’, म्हणजे कफ सैल करणारं, असं लिहिलेलं असू शकतं, आणि तेही खरंच आहे, कारण गायफेनेसिन आहे. पण आत कोडीनही आहे. पुढचा शब्द एका घटकाचं वर्णन करतो, सगळ्या बाटलीचं नाही.

कफ सैल करणारं आणि खोकला दाबणारं औषध एकाच बाटलीत घालणं मला कधी पटलेलं नाही. एकाने सैल केलेला कफ बाहेर टाकायला खोकलाच लागतो, आणि दुसरं तोच अडवतं. अशी मिश्रणं तरीही सर्रास विकली जातात. मुळात साध्या सर्दीच्या खोकल्यात यांतल्या कोणत्याही औषधाने मोठा फरक पडतो याचा पुरावा तोकडाच आहे.

मिलिलिटरचा आकडाही पाहावा लागतो. एका लेबलवर 5 मिलिमधलं प्रमाण असतं, दुसऱ्यावर 10 मिलिमधलं. 10 मिलिमध्ये 20 मिग्रॅ असलेली बाटली 5 मिलिमध्ये 10 मिग्रॅ असलेल्या बाटलीपेक्षा जहाल नसते, नुसती तशी दिसते. खरी गडबड दोन बाटल्या एकत्र घेताना होते. एखादा प्रौढ माणूस वरची पहिली बाटली 10 मिलि दिवसातून चार वेळा घेतो. म्हणजे 80 मिग्रॅ डेक्स्ट्रोमेथॉर्फन. सोबत सर्दी-तापाचं दुसरं पातळ औषध 10 मिलि तीन वेळा चालू आहे, त्यातही 5 मिलिला 10 मिग्रॅ डेक्स्ट्रोमेथॉर्फन आहे. हे झाले आणखी 60. प्रौढांसाठी दिवसाची नेहमीची कमाल मर्यादा 120 मिग्रॅ, आणि पोटात गेले 140. दोन्ही बाटल्यांवरची मात्रा त्याने काटेकोर पाळली होती. चूक फक्त दोन याद्या शेजारी ठेवून न वाचण्याची.

कोडीनचं गणित याहून अवघड, कारण त्याचा परिणाम मिलिग्रॅमवरून पुरता कळत नाही. यकृतातलं सीवायपी2डी6 नावाचं एन्झाइम कोडीनच्या लहानशा भागाचं मॉर्फिन करतं. काही माणसांत जन्मजात हे एन्झाइम फार जोरात चालतं. त्यांच्यात तीच मात्रा कितीतरी जास्त मॉर्फिन तयार करते आणि श्वास मंदावतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी कोडीन दिलेल्या काही मुलांच्या मृत्यूंमागे हे कारण निघालं. युरोपीय औषध संस्थेने 2015 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांच्या खोकल्यासाठी कोडीन वापरू नये असं सांगितलं. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये तोच निर्णय घेतला आणि 2018 मध्ये खोकल्याची अफूवर्गीय औषधं अठरा वर्षांवरच्यांपुरती मर्यादित केली. म्हणून मुलाच्या बाटलीवर ‘कोडीन’ किंवा ‘डायहायड्रोकोडीन’ ही अक्षरं दिसली, तर चमचा भरण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. मोठ्यांच्या बाबतीतही झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्यासोबत कोडीन घेणं श्वासावर बेततं.

यादी जे सांगते तेवढंच ती सांगू शकते. 2012 च्या अखेरीस पाकिस्तानात लाहोर आणि गुजरांवाला इथे खोकल्याचं औषध प्यायल्यावर अनेक जण दगावले. लेबलवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन होतं. तपासणीत त्या कच्च्या मालात लेव्होमेथॉर्फन मिसळलेलं सापडलं, म्हणजे तीच आरशातली डावी प्रतिमा. 2013 मध्ये पॅराग्वेतही अशाच सिरपने मुलं आजारी पडली. 1937 चं डायइथिलिन ग्लायकॉलही 2022 मध्ये गांबियातल्या मुलांच्या सिरपमध्ये पुन्हा आढळलं. या बाटल्यांवरची यादी कितीही लक्ष देऊन वाचली असती, तरी त्यात हे काही दिसलं नसतं.